एमसीबी पडते, मोठी टाकू का?

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत घरचं ऑटोमेशन पॅनेल बांधलं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लोखंडी पेटी, आत कंट्रोलरच्या इशाऱ्यावर उघडणारे-मिटणारे सोळा निळे खटके म्हणजे रिले, एक कंट्रोलर, रिलेसाठी पाच व्होल्टचा सप्लाय आणि एलईडी पट्ट्यांसाठी बारा व्होल्टचे दोन. मोबाइलवर "सकाळ" असं बटण दाबलं की घरातले चौदा दिवे एकदम लागतात. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "मामा, बटण दाबलं की कधीकधी सहाची एमसीबी पडते. वायरमन म्हणतो वीसची टाकू. टाकू का?"

नको रे बाबा, असं म्हणून मी फोन ठेवला आणि चहा तसाच ठेवून निघालो. हा प्रश्न मी वर्षातून दहा वेळा ऐकतो आणि प्रत्येक वेळी त्यामागे एकच गैरसमज असतो: एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा खटका, किती मोठी हवी हे लोडवरून ठरतं. तसं नाही. लोड त्या आकड्याच्या आत बसायला हवा एवढंच. आकडा ठरवते ती एमसीबीच्या पुढची सगळ्यात अशक्त गोष्ट.

भाच्याच्या पेटीत ती गोष्ट शोधायला वेळ लागला नाही. भिंतीतली वायर एक एमएमची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर तांब्याची. पाइपात चार-पाच वायरींच्या गर्दीत तिला दहा-अकरा ॲम्पिअर सोसतील. रिलेवर छापलंय १० ॲम्पिअर, २५० व्होल्ट. आणि एका रिलेकडून दुसऱ्याकडे फेज नेण्यासाठी पठ्ठ्याने कुठल्याशा जुन्या चार्जरची केसासारखी वायर वापरली होती! ती आधी काढायला लावली आणि तिथे दीड एमएम टाकली.

आता गंमत अशी की १० ॲम्पिअरची एमसीबी १० ॲम्पिअरला पडत नाही. आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, आणि मानकानुसार नेमलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तिने तासभर पडायचंच नाही, १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडायलाच हवं. म्हणजे १० च्या एमसीबीतून साडेचौदा ॲम्पिअर बराच वेळ जाऊ शकतात आणि आपला दहाचा रिले तोवर भाजून निघतो. वीसच्या एमसीबीतून एकोणतीस जातील. सहाच्या एमसीबीसाठी हाच आकडा ८.७ येतो, रिलेच्याही आत आणि वायरच्याही आत. लोड किती? चार पंखे, चौदा दिवे, दोन पट्ट्या मिळून सहाशे वॉटच्या आत, म्हणजे जेमतेम तीन ॲम्पिअर. सहा ॲम्पिअर ऐसपैस झाले.

मग सहाची पडत का होती? इथे ती कशी पडते हे बघावं लागतं. अर्ध्या तासाने, हाताला गरम लागून पडली तर पट्टी तापली, म्हणजे लोड खरंच जास्त. बटण दाबल्याच्या क्षणी खट्ट आवाज करून पडली तर काम आतल्या चुंबकाचं. एलईडी दिव्यातल्या ड्रायव्हरमध्ये वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो. तो रिकामा असताना वीज मिळाली की सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता कित्येक ॲम्पिअर ओढतो आणि मग शहाण्यासारखा बसतो. चौदा कपॅसिटर एकदम भरले की एमसीबीला ते शॉर्टसर्किटसारखंच दिसतं. भिंतीवरच्या बटणांनी दिवे एकेक लागायचे तेव्हा हा प्रश्न नव्हता. पॅनेलने तो निर्माण केला.

भाच्याच्या एमसीबीवर "बी" होतं. बी वळणाची एमसीबी आकड्याच्या तीन ते पाच पटीला तत्काळ पडते, सी वळणाची पाच ते दहा पटीला. सहा ॲम्पिअरला बी म्हणजे १८ ते ३०, सी म्हणजे ३० ते ६०. तापण्याचा आकडा दोन्हींचा तोच. म्हणून उत्तर सहाचीच, पण सी. शिवाय दिवे एकामागून एक, दर दोनशे मिलिसेकंदांनी लागतील असं त्याला कंट्रोलरमध्ये लिहायला लावलं. डोळ्याला ते छान दिसतं आणि रिलेचे संपर्कही वितळून चिकटत नाहीत. चिकटले असते तर एमसीबीला पत्ता लागला नसता, दिवा फक्त बंद व्हायचा थांबला असता.

सी घेताना एक हिशेब करावा लागतो, तो मी तिथेच कागदावर केला. लांबच्या दिव्यापाशी फेज-न्यूट्रल चिकटले तर वीस मीटर जाणं, वीस मीटर येणं, एक एमएमच्या वायरचा रोध होतो ०.७ ओहम. मागच्या तारांचा अर्धा ओहम धरला तर प्रवाह १९० ॲम्पिअर. सी ६ ला साठ पुरतात, ती क्षणात पडणार. सी २० ला मात्र खात्रीने पडायला दोनशे लागतात, म्हणजे वीसची तत्काळ पडेल असं सांगता येत नाही. वायरमनचा सल्ला इथे दुसऱ्यांदा नापास झाला.

आणि फेज पेटीच्या लोखंडाला लागली तर? सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्याचा रोध दहा ओहम धरा. २३० भागिले १० म्हणजे २३ ॲम्पिअर. वीसची एमसीबी एवढ्याला तासाभरातही पडेल याची खात्री नाही आणि तोवर लोखंडी पेटीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज उभं राहील. सी ६ सुद्धा काही सेकंद विचार करेल. या जागी एमसीबी उपयोगाचीच नाही. इथून गळती ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीसीबीचं राज्य सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचबद्दल लिहायचं होतं.

आरसीसीबीच्या आत एक चुंबकीय कडं असतं आणि त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा जातात. पंगतीत वाढलेली ताटं आणि परत आलेली ताटं मोजावीत तसं. फेजने जेवढा प्रवाह आत गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. थोडासा अर्थिंगमधून किंवा तुमच्या अंगातून गेला की फरक उरतो, कड्यावरच्या बारीक वेटोळ्यात वीज येते आणि खटका उघडतो. तीस ॲम्पिअर वाहताहेत की तीन, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून तिच्यावरचा "४० ॲम्पिअर" हा आकडा फक्त संपर्क किती वाहू शकतात ते सांगतो. ओव्हरलोडला ती पडत नाही, सोबत एमसीबी लागतेच.

खरा आकडा ३० मिलिॲम्पिअरचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं, की सुमारे सोळा मिलिॲम्पिअरला सरासरी पुरुषाला हातातली तार सोडता येत नाही. त्यांनीच १९६१ मध्ये अमेरिकेतलं पाच मिलिॲम्पिअरचं उपकरण शोधलं. आपल्याकडचा तीसचा आकडा हृदयाच्या बाजूने ठरला आहे: झटका बसेल, पण ठोका बिघडायच्या आत वीज तुटेल. यात लोडला, वायरला, घराच्या आकाराला जागा नाही. त्यामुळे "सारखी पडते म्हणून शंभरची टाकली" हे उत्तर होऊच शकत नाही. शंभर आणि तीनशेच्या असतात, पण त्या आगीपासूनच्या संरक्षणासाठी, मागच्या बाजूला.

मग सारखी पडते ती का? भाच्याकडे तेही होतं, पंधरवड्यातून एकदा रात्री. शेजारच्या आजींचं निदान तयार होतं: अमावास्या. मी तारखा मागितल्या. चारपैकी एकही अमावास्येला नव्हती, तीन मात्र पावसाच्या रात्री होत्या.

अर्थची तार जोडलेल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेजपासून अर्थला जाणारा एक छोटा कपॅसिटर असतो. समजा २.२ नॅनोफॅरडचा.

```
I = 2π × 50 × 2.2×10⁻⁹ × 230 ≈ 0.16 mA
```

नगण्य. पण संगणक, वॉशिंग मशिन, एसी यांचे फिल्टर मोठे असतात, एकेक मिलिॲम्पिअर किंवा जास्त गळतात. ही गळती दोष नाही, रचनेचा भाग आहे. भाच्याच्या घरी सगळं एकाच आरसीसीबीवर होतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गळती-क्लॅम्पमध्ये धरले तेव्हा मीटरने ११ मिलिॲम्पिअर दाखवले. आता तीसची आरसीसीबी तीसलाच पडते असं नाही, पंधरा ते तीसच्या मध्ये कुठेही पडायची तिला मुभा आहे. अकरा आधीच गेले, बाल्कनीतल्या ओल्या दिव्याने पाच-सहा घातले की झालं. चालू गळती तिसऱ्या हिश्शाच्या आत, म्हणजे नऊ-दहाच्या खाली ठेवावी असा आमचा शिरस्ता. आकडा हलवता येत नाही, तेव्हा सर्किटं वाटायची. पॅनेलच्या दिवे-पंख्यांना एक आरसीसीबी, बाकी घराला दुसरी, गिझरला स्वतंत्र.

वाटणी करताना पॅनेलवाले हमखास एक चूक करतात. पेटीत न्यूट्रलची एकच पट्टी. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल तिच्यावर एकत्र आले की एकीकडून गेलेला प्रवाह अर्धा दुसरीतून परततो. दोघींचाही हिशेब चुकतो आणि पहिला दिवा लावताच दोन्ही पडतात. न्यूट्रलच्या पट्ट्या वेगळ्या, रंगाने खूण करून. भाच्याने ही चूक केलीच, पण निदान स्वतः शोधली.

जाता जाता प्रकाराचं. आरसीसीबीवर नुसती लाट छापलेली असेल तर ती एसी प्रकारची, लाटेखाली अर्ध्या लाटांचे उंचवटे असतील तर ए प्रकारची. सप्लायमध्ये डायोडच्या पुढे गळती झाली तर प्रवाह एकाच दिशेने धक्के देतो. एसी प्रकारच्या कड्यातलं चुंबकत्व एका बाजूला अडकून बसतं, बदलतच नाही. आणि बदल नाही तर वेटोळ्यात वीज नाही. सप्लायांनी भरलेल्या पॅनेलला ए प्रकारच घ्यावा. "स्मार्ट, वायफायवाली" असं लिहिलेली आरसीसीबी मोबाइलवर छान आलेख दाखवते, पण मी आधी तिच्यावर हे चिन्ह आहे का ते बघतो.

चाचणीचं बटण अर्थिंग तपासतं असं भाच्याला वाटत होतं. ते कड्याला वळसा घालून आतल्या आत थोडा प्रवाह सोडतं, अर्थची तार तुटलेली असली तरी खटका पडतोच. अर्थिंगचं मोजमाप वेगळं करावं लागलं. साडेसात ओहम आले, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर पाच. पॅनेलच्या आरसीसीबीवर आता दोन मिलिॲम्पिअर गळती आहे. बाल्कनीतला दिवा उघडला तर आत पाणी आणि मेलेली पाल.