लोहाच्या सलाईनची भीती कुठून आली

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवरून गरोदर बाईला नाशिकला पाठवलं आणि डॉक्टरांनी लोहाचं सलाईन लावायचं म्हटलं, की सोबत आलेली सासू किंवा नणंद विचारते, "रक्ताच्या गोळ्या चालूच आहेत ना, मग हे कशाला? आमच्याकडे एकीला सलाईन लावल्यावर थंडी वाजून ताप आला होता." ही शंका अडाणीपणातून येत नाही. शिरेतून किंवा सुईने लोह देण्याची जी भीती गावात आहे, तीच कित्येक वर्षं डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्याही मनात होती. तिला खरं कारण होतं आणि ते कारण एका ठरावीक औषधात होतं. ते औषध मागे पडलं, पण भीती राहिली.

लोहाच्या गोळ्या फार जुन्या आहेत. फ्रान्समधले डॉक्टर पिएर ब्लो यांनी १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला फेरस सल्फेटच्या गोळ्यांनी फिकट पडलेल्या तरुण मुली बऱ्या केल्या. आज आशाताई वाटतात त्या लाल गोळीत मूळ औषध तेच आहे. अडचण शोषणाची होती, आणि ती अजून आहे. गोळीतल्या लोहाचा जेमतेम दहावा हिस्सा रक्तात पोचतो, बाकीचं आतड्यात राहून पोट बिघडवतं, शौच काळी आणि घट्ट करतं. मग आतडं वगळून लोह थेट शिरेत का देऊ नये, हा विचार डॉक्टरांच्या मनात आलाच. १९३२ मध्ये अमेरिकेत हीथ, स्ट्रॉस आणि कॅसल यांनी दाखवून दिलं, की टोचून दिलेलं लोह जवळजवळ पूर्णपणे हिमोग्लोबिनमध्ये जातं. पण ते लोह सुटं होतं. रक्तात सुटं लोह फिरलं की रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब घसरतो, मळमळतं, छाती आवळते. उपचाराला पुरेल एवढी मात्रा देणं अशक्य होतं.

पुढची सगळी कहाणी या सुट्या लोहाला साखरेच्या वेष्टनात गुंडाळण्याची आहे. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये निसिम यांनी शर्करेत बांधलेलं लोह शिरेतून देऊन पाहिलं. १९५४ च्या सुमारास लोह आणि डेक्स्ट्रान यांचं औषध आलं. डेक्स्ट्रान म्हणजे साखरेची लांबच लांब साखळी. वेष्टन इतकं घट्ट, की एका बैठकीत भरपूर लोह देता येऊ लागलं. आपल्याकडे हे औषध जास्त करून स्नायूत दिलं जाई. कुल्ल्यावरची कातडी एका बाजूला ओढून धरायची, सुई खोल घालायची आणि सुई काढल्यावरच कातडी सोडायची, म्हणजे औषध मागे झिरपत नाही. तरीही झिरपायचंच, आणि तिथे तपकिरी डाग वर्षानुवर्षं राहायचा. ज्यांच्या आईला किंवा मावशीला अशी इंजेक्शनं मिळाली, त्यांनी तो डाग पाहिला असेल.

डाग सोसता आला असता. खरा धोका डेक्स्ट्रानमध्ये होता. आपल्या आतड्यातले काही जिवाणू डेक्स्ट्रानसारखीच साखर बनवतात, त्यामुळे काही माणसांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीपासून तयार असतात. अशा माणसाला औषधाचे पहिले काही थेंब गेले तरी घसा सुजून, रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८१ रुग्णांपैकी तिघांना जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आली होती. रक्त कमी असलेल्या, पण एरवी धडधाकट बाईसाठी ही जोखीम मोठीच. म्हणून आधी चाचणीचा छोटा डोस द्यायचा, वाट पाहायची, कोसळलेला रक्तदाब सावरणारं ॲड्रेनलिन जवळ भरून ठेवायचं, अशी रीत पडली. ती त्या औषधासाठी योग्य होती.

पुढे चित्र बदललं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे. १९८९ मध्ये अमेरिकेत एरिथ्रोपोएटिनला परवानगी मिळाली. रक्त तयार करायला सांगणारं हे संप्रेरक निकामी मूत्रपिंडात नीट बनत नाही, ते आता इंजेक्शनने देता येऊ लागलं. हाडांतली रक्त बनवणारी मज्जा जोमाने कामाला लागली आणि लोह संपू लागलं. त्यातच हिमोडायलिसिसवरचा, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घेणारा माणूस नळ्यांत अडकलेल्या रक्तातून आणि वारंवारच्या तपासण्यांतून वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह गमावतो. गोळ्या त्याला पुरत नाहीत. का पुरत नाहीत, याचं उत्तर २००० नंतर हेप्सिडिन सापडल्यावर मिळालं. यकृतात बनणारा हा पदार्थ आतड्यातून लोह आत यायची वाट बंद करतो. मूत्रपिंडाच्या आजारात तो शरीराबाहेर पडत नाही आणि आतली सूज त्याला आणखी वाढवते. मग गोळी कितीही खा, ती आतड्यातूनच निघून जाते.

म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाला शिरेतून लोह द्यायचं, तेही महिन्यामागून महिने. दर वेळी जिवाची भीती बाळगून हे चालण्यासारखं नव्हतं. त्यामुळे डेक्स्ट्रान नसलेलं, स्वित्झर्लंडमध्ये फार आधी तयार झालेलं आयर्न सुक्रोज पुढे आलं आणि २००० साली त्याला अमेरिकेतही परवानगी मिळाली. त्यानंतर फेरिक कार्बोक्सीमाल्टोज आलं, ज्याचं वेष्टन इतकं पक्कं की मोठी मात्रा पाव तासात देता येते. प्रसूतिकक्षात आज लटकणारी लोहाची बाटली डायलिसिस विभागातून तिथे आली आहे, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी चाचणी-डोसची अटच काढून टाकली, कारण चाचणी सुरळीत गेली तरी पुढचा डोस सुरक्षित असेल याची खात्री नसते. त्याऐवजी प्रत्येक डोसनंतर अर्धा तास रुग्णाला नजरेखाली ठेवा, आणीबाणीची तयारी असेल तिथेच द्या, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देऊ नका, असं त्यांनी सांगितलं.

मग ती थंडी, ती छातीतली आवळ कसली? आजच्या औषधांत बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. वेष्टनातून थोडं लोह सुटतं किंवा रक्तातली संरक्षक प्रथिनं क्षणभर जागी होतात. चेहरा लाल होतो, छाती आणि पाठ आखडते, सांधे दुखतात. रक्तदाब मात्र टिकून असतो, श्वासाला शिटी नसते, अंगावर गांधी नसतात, ओठ-जीभ सुजत नाहीत. या प्रकाराला फिशबेन प्रतिक्रिया म्हणतात. सलाईन बंद करून थांबलं की काही मिनिटांत ते आपोआप ओसरतं, आणि पुष्कळदा कमी वेगाने पुन्हा सुरू करता येतं. इथेच जुनी सवय घात करते. घाबरून लगेच ॲलर्जीचं जुन्या पद्धतीचं इंजेक्शन दिलं जातं, त्यानेच रक्तदाब उतरतो, रुग्ण गुंगतो, आणि साध्या त्रासाची नोंद "गंभीर रिॲक्शन" अशी होते. त्या बाईला मग आयुष्यभर लोहाचं सलाईन नाकारलं जातं. याउलट रक्तदाब कोसळला, शिटी वाजू लागली, जीभ सुजली, तर मांडीत ॲड्रेनलिन, आणि तेही ताबडतोब. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. हे प्रसंग दुर्मीळ आहेत, पण त्यांच्यासाठीच हे सलाईन घरी किंवा एकट्या कंपाउंडरच्या भरवशावर लावायचं नसतं.

आता कोणाला लागतं ते हिशोबानेच पाहू. समजा, दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला जाणारी एक बाई आहे. गरोदरपणाआधीचं वजन ४८ किलो, तिसावा आठवडा, हिमोग्लोबिन ७.६. एकूण किती लोह लागेल हे काढायचं गान्झोनी यांचं सूत्र असं: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, आणि साठ्यासाठी ५०० मिलिग्रॅम. अकरापर्यंत पोचायचं तर तूट ३.४. गुणाकार सुमारे ३९० होतो, साठा धरून जवळपास ९०० मिलिग्रॅम. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दिवसाला दोन गोळ्या घेतल्या आणि दहावा हिस्सा शोषला गेला, तर रोज १२ मिलिग्रॅम पदरात पडतात. पूर्ण ९०० साठी ७५ दिवस हवेत, प्रसूतीपर्यंत हातात ७० आहेत, आणि बाळ स्वतःचा वाटा त्यातूनच घेतंय. त्यात मळमळतं म्हणून गोळ्या सुटणार, चहाबरोबर घेतल्या जाणार, कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदमच गिळल्या जाणार, आणि या दोन्हींनी शोषण आणखी घटणार. या बाईला शिरेतून लोह द्यायला हवं. आयर्न सुक्रोज असेल तर २०० मिलिग्रॅम एक दिवसाआड, म्हणजे पाच खेपा. कार्बोक्सीमाल्टोज असेल तर ५०० आणि आठवड्याने ४००, दोन खेपा. पाड्यावरून एसटीने येणाऱ्या, मजुरी बुडवून येणाऱ्या बाईसाठी हा फरक उपचार पूर्ण होण्या-न होण्याचा असतो.

तीच बाई सोळाव्या आठवड्यात ९.५ घेऊन आली असती, तर गोळ्याच बऱ्या. केंद्राच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गोळ्या आधी येतात. महिन्याभरात हिमोग्लोबिन एकनेही वाढलं नाही, बाई उशिरा सापडली किंवा गोळ्या सोसतच नसतील, तेव्हा पुढची पायरी. भारतात सुमारे २००० बायकांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयर्न सुक्रोज आणि गोळ्या यांच्यात आई-बाळाच्या एकत्रित परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. सरसकट सगळ्यांना सलाईन लावायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं. अडतिसाव्या आठवड्यातही सलाईन तारणार नाही. लोहापासून हिमोग्लोबिन व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तिथे रक्तच द्यावं लागू शकतं. हिमोग्लोबिन पाचच्या खाली असेल तर दवाखान्यात भरतीच.

मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिस सुरू झालेलं नसेल, तर एक ते तीन महिने गोळ्या देऊन पाहणं योग्य. डायलिसिसवर शिरेतून लोह हाच मार्ग, आणि २१४१ रुग्णांच्या पिव्होटल नावाच्या चाचणीने दाखवलं की तूट होण्याची वाट न पाहता दरमहा ४०० मिलिग्रॅमपर्यंत दिल्यास मृत्यू आणि हृदयाचे झटके, पक्षाघात यांसारखे मोठे प्रसंग यांचं एकत्रित प्रमाण कमी होतं. अंगातल्या लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ७०० च्या वर गेलं की मात्र त्या चाचणीतही लोह थांबवलं जात होतं.

नाशिकच्या आदिवासी तालुक्यांत आणखी एक गोष्ट आधी पाहायला हवी, ती म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. वारंवार रक्त घेतलेल्या सिकलसेल रुग्णाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं, आणि हिमोग्लोबिनचा आकडा पाहून त्यात भर घालणं म्हणजे यकृताचं नुकसान. रक्त कमी होण्याचं कारण दर वेळी लोहाची तूटच असतं असं नाही. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स यांनाही गिरणी कामगार बायकांमध्ये लोहाने न सुधारणारा पंडुरोग दिसला होता. त्यावर उतारा मिळाला तो यीस्टच्या अर्कात, आणि त्यातूनच पुढे फोलिक आम्लाचा शोध लागला. लाल गोळीत आज लोहासोबत फोलिक आम्ल असतं. सलाईनच्या बाटलीत ते नसतं, म्हणून सलाईन झालेल्या गरोदर बाईची फोलिक आम्लाची गोळी बंद करायची नाही.