कोळंबीची ॲलर्जी आणि आयोडीन : एका गैरसमजाची पार्श्वभूमी

मालवणजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीच्या फाइलवर कितीतरी वर्षं लाल शाईत दोन शब्द होते : ‘आयोडीन ॲलर्जी’. तरुणपणी एकदा कोळंबीचं कालवण जेवल्यावर तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. पुढे पोटाच्या सीटी स्कॅनच्या वेळी फॉर्मवर कुणीतरी विचारलं, ‘मासळीची ॲलर्जी आहे का?’ तिने खरं ते सांगितलं. मग कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देताच स्कॅन झाला आणि फाइलवर ते दोन शब्द चढले.

मावशीने ते मनावर घेतलं. घरातलं आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधव आणलं. बांगडा, सुरमई, तारली सगळं सोडलं. कोकणात जन्म काढलेल्या बाईने मासळी सोडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आणि एका लग्नाच्या जेवणात तिने सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, कालवणातला नुसता रस भातावर घेतला, सुंगटं बाजूला ठेवली. अर्ध्या तासात घसा आवळला, श्वासाला घरघर लागली. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर जीव ताळ्यावर आला. ती पुनःपुन्हा एवढंच सांगत होती : ‘सुंगट एकय खाल्लंय नाय गो, नुसतो रस घेतलंय!’

आयोडीनचा शिक्का बसल्यामुळे तिने जे सोडायची गरज नव्हती ते सोडलं, आणि ज्यात खरा धोका होता ते ताटात घेतलं. हा शिक्का आला कुठून, ते पाहायला सत्तरच्या दशकात जावं लागतं.

क्ष-किरणांच्या तपासणीत रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं नीट दिसावीत म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं जे औषध देतात त्यात आयोडीन असतं. आयोडीनचा अणू जड असतो, तो क्ष-किरण अडवतो, म्हणून त्या जागा उजळ दिसतात. त्या काळातली ही औषधं रक्ताच्या मानाने फार तीव्र होती, आणि ती दिल्यावर काहींना गांधी उठत, उलटी होत असे, क्वचित रक्तदाब कोसळे. दिसायला हे सगळं कोळंबीच्या ॲलर्जीसारखंच. समुद्रातल्या अन्नात आयोडीन असतं हे तर सर्वांना ठाऊक. मग दोन्हींत समान काय, तर आयोडीन, असा तर्क करायला वेळ लागला नाही.

१९७५ साली विल्यम शेहादी यांनी एक लाखाहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात समुद्री अन्नाची ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना कॉन्ट्रास्टचा काही ना काही त्रास झाल्याची नोंद होती. हा आकडा लोकांच्या लक्षात राहिला. त्याच पाहणीत दूध, अंडी यांसारख्या इतर पदार्थांची ॲलर्जी सांगणाऱ्यांनाही साधारण तेवढाच त्रास झाला होता, ही गोष्ट मात्र मागे पडली. ज्याला कसलीही ॲलर्जी आहे, दमा आहे, त्याच्या शरीराला अशा औषधांचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्तच असते. त्यात कोळंबीचं वेगळं असं काही नाही. अंडं न चालणाऱ्या माणसाला आपण ‘आयोडीन ॲलर्जी’ म्हणत नाही. मग कोळंबी न चालणाऱ्याला का म्हणावं?

या तर्काची खरी परीक्षा पुढे आपोआपच झाली. कॉन्ट्रास्टची नवी, रक्ताशी जास्त जुळणारी औषधं आली. त्यांतही आयोडीन होतंच. १९९० साली जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या प्रकारच्या औषधांनी सुमारे १२.७ टक्के लोकांना त्रास झाला होता, नव्यांनी ३.१ टक्के लोकांना. गंभीर त्रासाचं प्रमाण ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर आलं. आयोडीन होतं तिथेच राहिलं आणि त्रास कमी झाला. म्हणजे दोष त्या संपूर्ण रेणूच्या घडणीत आणि द्रावणाच्या तीव्रतेत होता. बऱ्याचदा हे औषध शरीरातल्या मास्ट पेशींना थेट चाळवतं आणि त्यातून गांधी, सूज आणणारं हिस्टामिन बाहेर पडतं. काही थोड्यांच्या शरीरात त्या औषधाच्या रेणूविरुद्ध खरी ॲलर्जीही तयार होते, पण तीसुद्धा त्या रेणूविरुद्ध.

आणि आयोडीनच्या बाजूने एक साधी गोष्ट. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, कारण त्याच्याशिवाय थायरॉइडचं संप्रेरक बनतच नाही. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. ते संप्रेरक आपल्या प्रत्येकाच्या रक्तात रात्रंदिवस फिरत असतं. आयोडीनच सोसत नसतं तर माणसाला स्वतःचंच रक्त सोसलं नसतं. जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनने काहींची कातडी लाल होते, चुरचुरते हे खरं. पण ते बहुतेकदा औषधाने कातडी चिडल्यामुळे होतं, कोळंबीशी त्याचं नातं नाही.

मग कोळंबीत नेमकं काय? या प्रश्नाच्या उत्तरातला मोठा वाटा आपल्या देशात सापडला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटाने आपल्या किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी, शास्त्रीय नाव पिनियस इंडिकस, अभ्यासाला घेतली. कोळंबी शिजवूनही ॲलर्जी होते, म्हणजे उष्णतेने न मोडणारं काहीतरी तिच्यात असलं पाहिजे, हा धागा त्यांनी धरला. १९८९ साली त्यांनी असे उष्णता सोसणारे घटक वेगळे काढले. १९९३ साली के. एन. शांती, सुब्बा राव आणि अमेरिकेतले डीन मेटकाफ आदींनी त्यातलं मुख्य प्रथिन ओळखलं. त्याचे तुकडे करून त्यांची रचना वाचली, तेव्हा ती फळमाशीच्या स्नायूंतल्या एका ओळखीच्या प्रथिनाशी जुळली. ते होतं ट्रोपोमायोसिन.

ट्रोपोमायोसिन म्हणजे स्नायू आकसताना नियंत्रण ठेवणारं प्रथिन. दोन लांब धागे एकमेकांभोवती पीळ घालून बसावेत, तसा त्याचा आकार. सुंभाची दोरी वळलेली डोळ्यांसमोर आणा. शिजवल्यावर बहुतेक प्रथिनांची घडी कायमची विसकटते, अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो त्यामुळेच. ही दोरी मात्र उकळल्यावरही ॲलर्जी करायची ताकद टिकवून धरते. आणि ती पाण्यात विरघळते. म्हणून कोळंबी उकडली की ट्रोपोमायोसिन तिच्यात असतं तसं त्या पाण्यातही उतरतं. मावशीने सुंगटं बाजूला ठेवून जो रस घेतला, त्यात ते भरपूर होतं. शिजताना उठणाऱ्या वाफेबरोबरही ते हवेत जातं, त्यामुळे काहींना कोळंबी शिजत असलेल्या स्वयंपाकघरात उभं राहूनही शिंका, धाप लागते. वाळवल्यानेही ते जात नाही. सोडे, जवळा, वांग्यात घातलेली सुकटीची पूड, या सगळ्यांत ते असतं. कोळंबी तळलेल्या तेलात मग बोंबील तळले, तर तेलाबरोबर तेही बोंबलाला लागतं.

ट्रोपोमायोसिन कोंबडीत आणि बकऱ्यातही असतं, पण त्याची रचना आपल्याच प्रथिनासारखी असल्याने शरीर त्याला परकं मानत नाही. कोळंबी, शेवंड, खेकडे यांचं ट्रोपोमायोसिन एकमेकांशी फार जुळतं, त्यामुळे एकाची ॲलर्जी असेल तर बाकीच्यांचीही बहुधा असते. तिसऱ्या, कालवं, माकुल यांचं थोडं वेगळं असतं. काहींना ती चालतात, काहींना नाही, आणि हे घरी खाऊन पाहून ठरवू नये. बांगडा, सुरमई, पापलेट यांची गोष्टच निराळी. माशांची ॲलर्जी मुख्यतः पार्व्हॅल्ब्युमिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनामुळे होते. मावशीने मासळी सोडली होती ती आयोडीनच्या नावाने. त्या आयोडीनचा यात काही संबंधच नव्हता. (ट्रोपोमायोसिनखेरीज आर्जिनिन कायनेजसारखी आणखी काही प्रथिनंही कोळंबीची ॲलर्जी करतात, पण मुख्य हेच.)

धुळीतले किडे आणि झुरळं यांचं ट्रोपोमायोसिनही कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी जुळतं. कोकणातल्या दमट घरांत, गाद्या-गोधड्यांत हे किडे सहज वाढतात. २००३ साली सनातनी ज्यूंवर झालेला एक अभ्यास आहे. धर्माच्या नियमाने त्यांनी कोळंबी कधी खाल्लेली नव्हती, तरी धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या काहींच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. म्हणून कोळंबी खाऊन कधीच त्रास न झालेल्या माणसाची रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, एवढ्यावरून त्याला कोळंबी बंद करणं बरोबर नाही. खाल्ल्यावर काय झालं, किती वेळात झालं, ही हकीकत आधी ऐकायची. तपासणीचा कागद त्याच्या जोडीला.

हे सगळं माहीत होऊनही तो जुना प्रश्न फॉर्मवर राहिलाच. २००८ साली अमेरिकेत रेडिओलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ यांची पाहणी झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी ६९ टक्के कॉन्ट्रास्ट देण्याआधी समुद्री अन्नाच्या ॲलर्जीबद्दल विचारत होते. ३७ टक्के असं उत्तर आल्यास कॉन्ट्रास्ट टाळत किंवा आधी औषधं देत. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार आता कोळंबीच्या ॲलर्जीसाठी कॉन्ट्रास्ट टाळण्याची किंवा आधी स्टेरॉइड देण्याची गरज नाही. विचारण्यासारखा प्रश्न आहे तो हा : पूर्वी कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, आणि कोणत्या औषधाने?

मावशीला तो कधीच झाला नव्हता, कारण तिला ते इंजेक्शनच कधी दिलं गेलं नव्हतं. लग्नातल्या त्या प्रसंगानंतर ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तिची सगळी हकीकत ऐकली, ताज्या कोळंबीची आणि बांगड्याची कातडीवर चाचणी घेतली. कोळंबीची गांधी मोठी उठली, बांगड्याची उठलीच नाही. त्यांनी फाइलवरचे ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं : ‘कोळंबी, खेकडा, शेवंड, जवळा, सोडे : रस, वाफ, तेलसुद्धा नको. मासे चालतील. कॉन्ट्रास्टला हरकत नाही.’ पुढचा स्कॅन कॉन्ट्रास्ट देऊन झाला, काही झालं नाही. आता घरात कोळंबी शिजत नाही. मीठ पुन्हा आयोडीनचं आलं आहे, आणि शुक्रवारी बाजारातून आलेले बांगडे मावशी स्वतः साफ करते.