रूळ दोघांकडेही होते: 1870 च्या जमवाजमवीची पार्श्वभूमी

1870 च्या जुलैमध्ये फ्रान्स आणि प्रशिया एकमेकांसमोर उभे ठाकले तेव्हा रेल्वे दोघांकडेही होती. फ्रान्सचे पूर्वेकडे जाणारे मुख्य मार्ग दुहेरी होते आणि ते चालवणारी कंपनी कामात तरबेज होती. तारायंत्रही दोघांकडे होते. तरीही ऑगस्टच्या सुरुवातीला सरहद्दीवर प्रशिया आणि तिच्या बाजूची इतर जर्मन राज्ये यांचे मिळून सैन्य फ्रेंचांच्या जवळजवळ दुप्पट होते. याचे कारण शोधायचे तर वीस वर्षे मागे जावे लागते, कारण प्रशियाने हे कौशल्य आधी स्वतःची फजिती करून घेऊन कमावले.

1850 मध्ये जर्मन राज्यांचे नेतृत्व कोणाकडे, यावरून प्रशिया आणि ऑस्ट्रियात तणाव वाढला. प्रशियाने सैन्य गोळा करायला घेतले आणि सगळीकडे गोंधळ उडाला. माणसे एकीकडे, घोडे दुसरीकडे, सामान तिसरीकडेच. ऑस्ट्रियाने मात्र मोठे दल रेल्वेने सीमेजवळ आणून ठेवले. शेवटी ओल्म्युत्स येथे प्रशियाला मान तुकवावी लागली. 1859 मध्ये फ्रान्सने इटलीतील युद्धासाठी रेल्वेने भराभर सैन्य हलवले, आणि त्याच वर्षी प्रशियाच्या जमवाजमवीत पुन्हा उणिवा दिसल्या.

तोवर युद्धाच्या योजना आखणाऱ्या प्रशियाच्या जनरल स्टाफची सूत्रे हेल्मुट फॉन मोल्टके यांच्या हाती आली होती. 1840 च्या दशकात ते बर्लिन-हँबुर्ग रेल्वेच्या संचालक मंडळावर होते, आणि रेल्वेमार्ग कोठून न्यावा याचे निकष सांगणारा लेखही त्यांनी लिहिला होता. सेनापती होण्याआधी रेल्वेचा हिशेब शिकलेला माणूस तेव्हा विरळाच. रेल्वे म्हणजे वेगाने धावणारी गाडी, असे ते मानत नसत. एका मार्गावरून दिवसात किती गाड्या जातील आणि शेवटच्या स्टेशनात त्यातल्या किती रिकाम्या करता येतील, हे त्यांचे प्रश्न होते.

हिशेब ढोबळमानाने असा. कोअर म्हणजे सैन्याचा मोठा विभाग; एका कोअरमध्ये तीसेक हजार माणसे, शिवाय घोडे, तोफा आणि गाडे. हे सगळे हलवायला शंभराच्या आसपास आगगाड्या लागत. मार्ग एकेरी असेल तर समोरून परतणाऱ्या रिकाम्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबावे लागते. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. म्हणून दुहेरी मार्गाची किंमत दुपटीहून जास्त. दुसरी मेख अशी की सगळ्या लष्करी गाड्या एकाच संथ वेगाने चालवायच्या. एक जलद, एक धीमी असे केले की वेळापत्रक कोलमडते. सैनिकांचे जेवण आणि घोड्यांचे पाणी कोणत्या स्टेशनात, हेही आधीच ठरलेले. आणि शेवटी उतरण्याची जागा: पायदळ पटकन उतरते, पण घोडे आणि तोफा उतरवायला उतार बांधलेले लांब फलाट लागतात. ते नसतील तर गाड्या एकामागून एक तुंबत जातात.

1866 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध हा हिशेब कसाला लागला. ऑस्ट्रियाने तयारी आधी सुरू केली होती, पण उत्तरेच्या आघाडीकडे जाणारा मुख्य मार्ग एकच. त्यात बंडाच्या भीतीने पलटणी मुद्दाम त्यांच्या मुलखापासून दूर ठेवलेल्या, त्यामुळे राखीव सैनिकांना साम्राज्यभर फिरून आपली पलटण गाठावी लागे. प्रशियाने पाच मार्ग वापरून 21 दिवसांत सुमारे 1,97,000 माणसे आणि 55,000 घोडे सीमेवर आणले. हे सैन्य शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेले उतरले, कारण रूळ जिथे संपत तिथेच उतरणे भाग होते. पुढे त्या तुकड्या चालत जाऊन एकत्र यायच्या होत्या. इतक्या लांब पसरलेल्या फौजांना मोल्टके बर्लिनमध्ये बसून आदेश देऊ शकले ते तारेमुळे.

पण तारेचा भरवसा सीमेपर्यंतच. 2 जुलैच्या रात्री, क्योनिग्ग्रेट्सच्या लढाईच्या आदल्या रात्री, प्रशियाच्या युवराजांच्या सैन्याला ताबडतोब निघा असे कळवायचे होते, आणि त्यांच्याशी तारेने संपर्क नव्हता. अखेर एक अधिकारी अंधारात घोडा फेकत गेला आणि पहाटे चारच्या सुमारास त्याने हुकूम पोचवला. दुपारी ते सैन्य रणांगणावर पोचले आणि लढाईचे पारडे फिरले. पुरवठ्याचेही तसेच झाले. सैन्य पुढे निघून गेले, आणि शिध्याने भरलेल्या वॅगन उतरवून घेणारे कोणी नसल्याने मागे स्टेशनांवर अडकून पडल्या.

यातून शिकून मोल्टके यांनी पुढची चार वर्षे घालवली. प्रत्येक मार्गासाठी एक लष्करी अधिकारी आणि एक रेल्वेचा जाणकार अशी जोडी नेमली गेली. कोणती तुकडी जमवाजमवीच्या कितव्या दिवशी, कोणत्या स्टेशनातून, कोणत्या गाडीने निघणार याचे तक्ते तयार झाले आणि दरवर्षी सुधारले गेले. तारीख मात्र कुठेच नव्हती. होता तो फक्त ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’. त्यामुळे 15 जुलै 1870 च्या रात्री हुकूम सुटला तेव्हा तारेने लांबलचक सूचना पाठवायची गरजच नव्हती. पहिला दिवस 16 जुलै, एवढे कळले की पुढचे सगळे कपाटात तयार होते.

क्रमही ठरलेला होता. पलटणी त्या-त्या प्रांतातल्या, त्यामुळे राखीव सैनिक घराजवळच्या डेपोत हजर होई. तिथे गणवेश, बंदूक, घोडे घेऊन तुकडी पूर्ण झाली की मगच ती गाडीत चढे. फ्रान्सने नेमके उलटे केले. वेळ वाचवण्यासाठी अपुऱ्या पलटणी आधी सरहद्दीवर पाठवल्या आणि राखीव सैनिक मागाहून येऊन मिळतील असे धरले. पण पलटण एकीकडे आणि तिचा डेपो भलतीकडे. झुआव्ह म्हणजे मुळात अल्जीरियात उभारलेले फ्रेंच पायदळ; उत्तर-पूर्व फ्रान्समध्ये राहणाऱ्या त्याच्या राखीव सैनिकांना सामान घ्यायला समुद्र ओलांडून अल्जीरियातल्या ओरानला जायचे आणि तिथून पुन्हा सरहद्दीवर यायचे, असा प्रकार होता.

21 जुलैला जनरल मिशेल यांनी बेल्फोर्टहून पॅरिसला केलेली तार प्रसिद्ध आहे: मी पोचलो, माझी ब्रिगेड सापडत नाही, डिव्हिजनचे जनरल सापडत नाहीत, काय करू? माझ्या पलटणी कुठे आहेत ठाऊक नाही. तारायंत्र उत्तम चालू होते, म्हणून तर गोंधळाची बातमी इतक्या लवकर पोचली.

फ्रेंच रेल्वे कंपनीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तिने आपल्या बाजूने भरपूर गाड्या चालवल्या. पण सरहद्दीजवळच्या मेत्स या किल्ल्याच्या शहरात काय उतरवायचे, कोणी आणि कुठे न्यायचे, हे ठरवणारा अधिकारी नव्हता, म्हणून भरल्या वॅगनच गोदामासारख्या उभ्या राहिल्या आणि यार्ड तुंबले. जुलैअखेर फ्रान्सचे सरहद्दीवरचे सैन्य दोन लाखांच्या आसपास होते. समोर जर्मनांनी नऊ मार्गांनी, अठरा दिवसांत, साडेचार लाखांहून जास्त माणसे रेल्वेने पुढे आणली होती.

फ्रान्सच्या हद्दीत शिरल्यावर मात्र जर्मनांचे वेळापत्रक संपले. पॅरिसकडे जाणारा मुख्य मार्ग तूल या छोट्या किल्ल्याने 23 सप्टेंबरपर्यंत अडवून धरला. वेढा पडलेल्या मेत्सला वळसा घालायला जर्मनांना रेमिलीपासून पाँत-आ-मूसाँपर्यंत नवा रेल्वेमार्ग बांधावा लागला. फ्रेंचांनी उडवलेल्या बोगद्यांमुळे पुढेही खोळंबा झाला. या काळात लाखो सैनिक पायी चालत होते, आणि शिधा बराचसा वाटेतल्या गावांतून उचलला जात होता.