एक कप म्हणजे 250 ग्रॅम? मैद्याला नाही

"रेसिपीच्या फोटोत काट्यावर 300 दिसतंय, 1 कप म्हणजे 250 ग्रॅम, मग मैदा सव्वा कपच ना?"

नाही, अडीच कप. 250 चा हिशोब पाण्याचा आहे, 240 मिलीच्या मेजरिंग कपात पाणी साधारण 240 ग्रॅम बसतं, पण मैदा हलका, त्यात हवा असते, त्यामुळे चमच्याने हलकेच भरून वर सुरी फिरवली की त्याच कपात फक्त 120-125 ग्रॅम मैदा येतो. म्हणजे 300 भागिले 120, अडीच. सव्वा कप घेतलात तर मैदा निम्माच पडेल आणि पाणी रेसिपीप्रमाणे ओतलं की कणकेऐवजी भज्यांचं पीठ होईल!

पण आधी फोटो नीट झूम करा. आकड्याशेजारी g आहे का बघा, कारण बऱ्याच काट्यांवर oz आणि ml पण असतं, आणि 10.6 oz म्हणजेच 300 ग्रॅम. दुसरं, भांडं. लिहिलंय 300 आणि स्क्रीनवर 742 असेल तर काटा शून्य न करताच फोटो काढलाय, वरचे 442 भांड्याचे, ते मैद्यात धरू नका.

आणि कप थेट डब्यात खुपसून भरलात तर मैदा दाबला जातो, 140-150 ग्रॅम पण जातो, मग 300 ला दोन कपांतच काम होतं. म्हणून कपाचं माप अंदाजेच, शेवटचा पाव कप बाजूला ठेवा, पीठ हाताला चिकटलं तरच घाला.