मेल्याचे सोंग (प्राणिवर्तन)

भक्षकाच्या तावडीत सापडल्यावर काही प्राणी अचानक निपचित पडतात आणि धोका टळेपर्यंत मेल्यासारखे राहतात. या वर्तनाला ‘थॅनॅटोसिस’ म्हणतात. ‘सोंग’ हा शब्द सोयीपुरताच घ्यावा, कारण निदान ऑपॉसम या पिशवीधारी सस्तन प्राण्यामध्ये तरी ही ठरवून केलेली लबाडी नसून आपोआप घडणारी शारीरिक प्रतिक्रिया असते.

उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया ऑपॉसम आधी फिसकारतो, पन्नास दात दाखवतो. कुत्र्याने पकडून गदगदा हलवले की मात्र तो कुशीवर कलंडतो. तोंड उघडे, लाळ गळतेय, गुदग्रंथींतून घाणेरडा वास सुटलेला. हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात. तरीही तो बेशुद्ध नसतो. मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या तेव्हा त्या जागेपणीच्या आढळल्या, आणि मोठा आवाज झाला की त्याचे कान हलतात.

भक्षक नुसता दिसला की बहुतेक प्राणी आधी पळ काढतात. निपचित पडण्याची कळ सहसा स्पर्शाने, त्यातही पकडले जाण्याने दाबली जाते. नजरेचा वाटा अगदीच नसतो असे नाही. धरून निपचित केलेल्या कोंबडीसमोर पेंढा भरलेला ससाणा ठेवला, तर ती अधिक वेळ तशीच पडून राहते.

पण भक्षकाच्या दातांत सापडल्यावर निपचित पडून फायदा काय? याचे उत्तर बंदिस्त तांबड्या कोल्ह्यांसमोर बदके सोडून अमेरिकेत केलेल्या, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. कोल्ह्याने धरताच जवळपास सगळी बदके लुळी पडली. ५० पैकी २९ बदके पहिल्या पकडीतून जिवंत राहिली. कोल्हा जास्तीची शिकार लगेच खात नाही, पुरून ठेवतो. तडफड थांबली की त्याचा चावा सैल होतो, आणि त्याची पाठ वळली की बदकाला निसटायला वाव मिळतो. अनुभवी कोल्हे मात्र बदक धरताच मारू लागले किंवा त्याचा पंख तोडू लागले.

कीटकांचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. धान्याच्या डब्यातला टोका बोटाने टोचला की पाय आखडून पडतो. पिठातल्या तांबड्या किड्यांवर जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बराच वेळ पडून राहणारे आणि जेमतेम पडणारे असे दोन वाण तयार केले गेले. उड्या मारणाऱ्या कोळ्यासमोर पहिल्या वाणातले किडे जास्त वाचले. त्यांच्या मेंदूत हालचालींना चालना देणारे डोपामिन हे रसायन कमी होते आणि एरवीही ते कमी हिंडत. म्हणजे जोडीदार शोधताना हाच स्वभाव आड येऊ शकतो. शिवाय शेजारी दुसरा किडा वळवळत असेल तर कोळी स्थिर पडलेल्याला सोडून त्याच्याकडे वळतो. निश्चल किड्याचा जीव मग शेजाऱ्याच्या जिवावर वाचतो.