थकीत बिलांचा पाठपुरावा (कोल्हापूर)

थकीत बिलांचा पाठपुरावा म्हणजे मुदत उलटून गेलेलं बिल गिऱ्हाईकाकडून वसूल करायला पायरी-पायरीनं केलेली आठवण, आणि ती अशी की पैसे पण येतात आणि पुढची ऑर्डर पण येते. जुना शब्द तगादा, पण तगाद्यात एकच गोष्ट रोज तीच-तीच म्हटली जाते, पाठपुराव्यात प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं, कधी माणूस, कधी माध्यम, कधी मागणी. कोल्हापुरात हा विषय सगळ्यात जास्त भिडतो तो शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसी आणि उद्यमनगरातल्या छोट्या मशीनशॉपवाल्यांना, कारण ते फौंड्रीचं कास्टिंग मशीनिंग करून मोठ्या कंपन्यांना देतात आणि गिऱ्हाईकं मोजून तीन-चारच असतात, त्यातलं एक दुखावलं तर मशीन रिकामं बसतं.

पहिली गोष्ट जी नवीन माणसाला कळत नाही ती ही, की उशीर झालेलं बिल बऱ्याचदा कुणी मुद्दाम अडवलेलं नसतं, ते कुठंतरी अडकलेलं असतं. माल गेटवर पोचला पण स्टोअरनं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला नाही, पीओतला म्हणजे खरेदी ऑर्डरमधला रेट आणि बिलातला रेट जुळत नाही, क्वालिटीनं चार पीस बाजूला काढले आणि त्यांचे पैसे वजा करायची डेबिट नोट कुणी काढलीच नाही. अशा वेळी अकाउंटवाल्याच्या स्क्रीनवर तुमचं बिलच दिसत नाही, मग तो बिचारा काय सोडणार? म्हणून पहिल्या एक-दोन आठवणीत पैसे मागायचेच नसतात, बिल कुठं आहे ते विचारायचं असतं.

उदाहरण घेऊ. समजा शिरोलीतल्या एका मशीनशॉपनं 3 जूनला 400 पीस पोचवले, 600 रुपये रेट, म्हणजे 2,40,000 आणि 18 टक्के जीएसटी 43,200, एकूण 2,83,200 रुपये. पीओवर लेखी मुदत 45 दिवस, म्हणजे 18 जुलै. आता बघा, महिन्याला रिटर्न भरणाऱ्यानं जूनचा जीएसटी 20 जुलैपर्यंत भरायचाच असतो, खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करून जे उरेल ते, गिऱ्हाईकानं पैसे दिले असोत की नसोत. म्हणजे उशीर दोन दिवसांचा असला तरी खिशातले पैसे सरकारला गेलेले असतात, म्हणून 18 तारखेची वाट बघत बसायचं नाही.

11 जुलैला अकाउंटला एक साधा मेसेज, "साहेब, 3 जूनचं बिल पास झालंय का, 18 ला ड्यू आहे, काही कागद कमी असेल तर सांगा, लगेच पाठवतो." उत्तर नाही आलं तर 20 ला मेल, सोबत लेजर आणि बिलाची कॉपी, कारण मेल पुढं पाठवता येतो, फोनवरचं बोलणं हवेत जातं. 28 ला फोन, आणि या फोनवर कळतं की 12 पीस रिजेक्ट आहेत आणि सगळं बिलच थांबलंय. इथं वाद घालायचा मोह आवरायचा. रिजेक्शन रिपोर्ट मागवायचा, खरा असेल तर 12 पीसची क्रेडिट नोट द्यायची, 7,200 आणि त्यावरचा जीएसटी 1,296, एकूण 8,496. उरले 2,74,704, आणि लगेच विचारायचं, "मग हे कुठल्या तारखेला सुटतंय?" तारीख मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, "बघतो की" ही तारीख नव्हे. मिळालेली तारीख, समजा 5 ऑगस्ट, त्याच दिवशी मेलवर लिहून टाकायची.

5 तारीख पण हुकली तर पुढची पायरी. आता अकाउंटवाल्याला परत-परत फोन करून उपयोग नाही, त्याच्या हातात पेमेंट नसतं, ते परचेसच्या किंवा मालकाच्या हातात असतं. पण त्याला न सांगता वर जायचं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त संबंध इथंच बिघडतात, एका फौंड्रीत मी स्वतः अकाउंटच्या दादांना न सांगता थेट मालकांना फोन लावला होता, पैसे चार दिवसांत आले पण पुढं वर्षभर माझी बिलं ढिगाच्या तळाला जायची आणि तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. आधी सांगायचं, "दादा, तुमच्याकडून होईल ते तुम्ही केलंय, आता मी परचेसच्या साहेबांशी बोलतो, मेलमध्ये तुम्हाला ठेवतो." मग 18 ऑगस्टच्या आसपास प्रत्यक्ष जायचं, चहा घ्यायचा आणि परिस्थिती खरोखर तंग असेल तर हप्ते मान्य करायचे, समजा 1,50,000 आज आणि 1,24,704 दहा सप्टेंबरला. अर्धे पैसे आलेले चांगले, फक्त बाकी आकडा सही घेऊन लिहून ठेवायचा, त्या लेखी कबुलीनं तीन वर्षांची कायदेशीर मुदत परत नव्यानं मोजली जाते, मात्र आधीची मुदत संपायच्या आत घेतली तरच. आणि नवीन लॉट? तो नाकारायचा नाही, "आधीचं सुटलं की पुढचा लॉट लगेच गाडीत" एवढंच सांगायचं.

कायदा शेवटी येतो पण त्याची माहिती आधीच असावी. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पीओवर 90 दिवस छापलेलं असलं तरी. उशीर झाल्यास बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. बँक रेट 6 टक्के धरला तर वर्षाला 18, म्हणजे 1,24,704 वर पहिल्या महिन्याला साधारण 1,870 रुपये. यासाठी सरकारची उद्यम नोंदणी हवी आणि तो नंबर बिलावर छापलेला असावा. नुसता व्यापारी असेल तर हे कलम लागू होत नाही, हे लक्षात ठेवा.

पण गिऱ्हाईकाशी बोलताना व्याजापेक्षा दोन गोष्टी जास्त चालतात, कारण त्या त्याच्याच नुकसानीच्या आहेत. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याला घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं, आपल्या बिलाला ती तारीख 30 नोव्हेंबर. आणि आयकर कायद्याप्रमाणे, 1961 च्या कायद्यातलं कलम 43बी(एच), सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं देणं 31 मार्चला बाकी असेल तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. हे धमकी म्हणून नाही, "तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या" असं म्हणून सांगायचं, मग अकाउंटवाला स्वतःच वर फाईल पळवतो.

नोटीस आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवरची तक्रार ही शेवटची पायरी, आणि तिथं बहुतेक वेळा त्या गिऱ्हाईकाबरोबरचा धंदा संपतो, म्हणून ती सही केलेल्या तारखा पण हुकल्या आणि फोन उचलणं बंद झालं तेव्हाच. त्याआधी एक पत्र द्यायचं, त्यात बिल नंबर, बाकी, हुकलेल्या तारखा आणि सात दिवसांची मुदत, बाकी शेरेबाजी काही नाही.

पैसे आले की त्याच दिवशी "मिळाले, आभारी आहे" असा मेसेज परचेस आणि अकाउंट दोघांना, सोबत लेजर शून्य झाल्याचा उतारा. पुढच्या ऑर्डरला मात्र मुदत तीच ठेवून एवढं विचारायचं की जीआरएनची कॉपी गाडी खाली झाली त्याच दिवशी मिळेल का.