वसियतीला एक तृतीयांशची मर्यादा आली कुठून, आणि 1937 च्या कायद्याने त्यात काय घोळ घातला

मुस्लिम कायद्यातला नियम असा सांगतात की इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशपेक्षा जास्त इस्टेटीची वसियत, म्हणजे मृत्युपत्र, करता येत नाही. आधी एक क्लिअर करतो. कुराणात "एक तृतीयांशच्या वर वसियत करू नका" असं वाक्य नाही. कुराणात वारसांचे हिस्से आहेत, बायकोचा आठवा, मुलाला मुलीच्या दुप्पट वगैरे, ते बहुतेकांना माहीत असतात. पण हेही सांगितलंय की हे हिस्से वसियत आणि कर्ज भागवल्यानंतर उरेल त्यातून काढायचे. आता वसियतीवर लिमिटच नसेल तर माणूस सगळी इस्टेट वसियतीत देऊन मोकळा होईल आणि वारसांचे ठरलेले हिस्से नुसते कागदावर राहतील. ही फट बुजवली हदीसने, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीने. मक्केत आजारी पडलेल्या एका सहाबीला, म्हणजे पैगंबरांच्या साथीदाराला, वाटलं की आता आपण काही वाचत नाही, वारस म्हणून एकच मुलगी, म्हणून त्याने पैगंबरांना विचारलं की दोन तृतीयांश दान करू का? नाही. मग अर्धं? नाही. मग तिसरा हिस्सा? तर उत्तर आलं की तिसरा हिस्सा कर, तोही खूप झाला, वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणं बरं. (तो माणूस त्या आजारात गेलाच नाही, पुढे इराणी साम्राज्याविरुद्धच्या लढाईत सेनापती होता, पण नियम मात्र कायमचा बसला.)

त्यामुळे "इतर वारसांच्या संमतीशिवाय" हे शब्द काही वकिलांनी मागून चिकटवलेले नाहीत. मर्यादाच मुळात वारसांसाठी आहे, मग ज्याच्यासाठी आहे तो आपला हक्क सोडू शकतो. वारसच कोणी नसेल तर सगळी इस्टेट वसियतीत देता येते, कारण अडवणारं कोणी नाही.

इथे लोक दोन नियमांची खिचडी करतात. एक, परक्याला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. दुसरा, जो स्वतःच वारस आहे त्याला वसियतीने काहीही द्यायचं तर सुन्नी कायद्यात बाकीच्या वारसांची संमती लागते, रक्कम तिसऱ्या हिश्शाच्या आत असली तरी. शिया कायद्यात वारसालाही तिसऱ्या हिश्शापर्यंत संमतीशिवाय देता येतं. संमती कधीची, यातही फरक आहे. सुन्नी (हनफी) कायद्यात ती मृत्यूनंतरचीच धरतात, कारण बाप जिवंत असताना मुलाला इस्टेटीत हक्कच नसतो, नुसती आशा असते, आणि नसलेला हक्क सोडणार कसा? म्हणून बाप हयात असताना सगळ्या भावंडांच्या सह्या घेऊन ठेवलेला स्टॅम्प पेपर सुन्नी घरात ऐन वेळी कामाला येत नाही. शिया कायद्यात आधी दिलेली संमतीही चालते.

आकड्यात बघू. सुन्नी माणूस, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. इस्टेट 75 लाखांची. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि बायकोचा थकलेला मेहर (हो, तोही कर्जच) मिळून 3 लाख गेले, उरले 72. वसियतीत पुतण्याला 36 लाख लिहिलेत. मुलगा असल्याने पुतण्या वारस नाही, म्हणजे फक्त पहिला नियम लागतो. तिसरा हिस्सा 24 लाख, तेवढे त्याला कोणाला न विचारता मिळणार. वरच्या 12 लाखांना मुलगा हो म्हणाला, आई आणि बहीण नाही म्हणाल्या. मग त्या दोघींचे हिस्से उरलेल्या 48 लाखांवर निघतात. आईला आठवा म्हणजे 6, राहिलेल्या 42 मधून बहिणीला 14. मुलाला 28 मिळाले असते, पण सगळ्यांनी हो म्हटलं असतं तर त्याच्या वाट्याला 21 येतात, म्हणून त्याने स्वतःच्या खिशातले 7 सोडले असं धरतात. पुतण्याला 31. एकाची संमती दुसऱ्याच्या हिश्शाला हात लावत नाही, आणि नुसतं गप्प बसणं म्हणजे आपोआप संमती नव्हे.

आता भारतातली गोष्ट, खरी गुंतागुंत इथे आहे. मुंबईतले खोजे आणि कच्छी मेमन धर्माने मुसलमान, पण वारसा त्यांच्याकडे हिंदू पद्धतीच्या रूढीने चालायचा. 1847 मध्ये मुलींनी कुराणातला हिस्सा मागितला तेव्हा मुंबईच्या कोर्टाने रूढी मान्य करून त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याच रूढीच्या जोरावर या समाजांतली माणसं सगळी इस्टेट वसियतीत देऊ शकायची, तिसरा-बिसरा हिस्सा काही नाही.

1937 चा शरियत कायदा ही रूढी मोडायलाच आणला होता. पण कलम 2 ची यादी वाचा. वसियत न करता मेलेल्याचा वारसा, लग्न, तलाक, मेहर, बक्षीस, वक्फ असं सगळं आहे, शेतजमीन वगळली आहे आणि वसियतीचं नावच नाही. वसियत गेली कलम 3 मध्ये, दत्तकाबरोबर, आणि तिथे ती ऐच्छिक आहे. ज्याला हवं त्याने ठरलेल्या अधिकाऱ्यासमोर डिक्लेरेशन द्यायचं, मग ते त्याला, त्याच्या अज्ञान मुलांना आणि पुढच्या वंशजांना लागू. कायदेमंडळातल्या तडजोडीत हे असं झालं आणि माझ्या मते ही सरळ पळवाट होती. ज्या रूढीने मुलींना बाहेर ठेवलं ती मागच्या दाराने तशीच राहिली, कारण बापाने वसियत केली की कलम 2 चा संबंधच संपतो.

यावरून काही जण म्हणतात की डिक्लेरेशन दिलं नाही तर कोणत्याच मुसलमानाला एक तृतीयांशचं बंधन नाही. हे चूक आहे. जिथे वेगळी रूढी सिद्ध होत नाही तिथे वसियतीला मुस्लिम कायदाच लागतो, तो 1937 च्या आधीपासून लागत होता आणि भारतीय वारसा कायद्याचा मृत्युपत्राचा भाग मुसलमानांना लागूच नाही. कलम 3 चा उपयोग फक्त रूढीवाल्यांना. कच्छी मेमनांसाठी 1938 मध्ये स्वतंत्र कायदा येऊन त्यांचं दार बंद झालं. खोज्यांसाठी तसं काही आलं नाही, त्यामुळे डिक्लेरेशन न दिलेल्या खोज्याला रूढीने सगळं मृत्युपत्रात देता येतं असंच अजून धरतात.

बाकीच्यांसाठी बाहेर पडायचा रस्ता म्हणजे 1954 चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट. त्याखाली लग्न झालं किंवा जुनं लग्न रजिस्टर केलं की इस्टेटीला भारतीय वारसा कायदा लागतो आणि मर्यादा जाते. 2023 मध्ये केरळात तीन मुली असलेल्या एका जोडप्याने याच कारणासाठी आपलं जुनं लग्न पुन्हा रजिस्टर केलं. मुलगा नसला की बायकोचा आठवा आणि मुलींचे मिळून दोन तृतीयांश गेल्यावर चोविसातले पाच भाग नवऱ्याच्या भावांकडे जातात, आणि तिसऱ्या हिश्शाच्या वसियतीने मुलींना भरपाई करावी म्हटलं तर मुली वारस, म्हणजे दुसरा नियम आडवा येणार, आणि संमती मागायची कोणाकडे, तर त्याच भावांकडे. केरळातल्याच आणखी एका बाईंनी आपण धर्म मानत नाही तर हे बंधन आपल्याला का, असा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेलाय, 2024 मध्ये त्यावर नोटीस निघाली.

गोव्यात मात्र हा सगळा हिशोबच वेगळा. 1937 चा कायदा तिथे लागू नाही, पोर्तुगीज काळापासूनच्या सिव्हिल कोडचा नियम चालतो. मुलं असतील तर आपल्या इस्टेटीतला अर्धा भाग सक्तीच्या वारसांचा आणि अर्धाच मृत्युपत्राने देता येतो, माणूस हिंदू असो, ख्रिश्चन असो की मुसलमान.